पाठ : स्पॅनिशमधील परिचय आणि दिनक्रम

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• स्पॅनिशमध्ये स्वतःचा परिचय करून देता येईल व दिनक्रम सांगता येईल.
• 'मे', 'ते', 'से' हे शब्द क्रियापदाआधी केव्हा येतात, हे ओळखता येईल.

संवाद

पुढील संवादातील सुनीता आणि महेश ही पात्रे काल्पनिक आहेत. सुनीता पोशीरची व महेश कर्जतचा. वर्गात त्यांची पहिलीच भेट होत आहे. संवाद प्रथम मोठ्याने वाचा. त, द हे वर्ण मराठीप्रमाणेच दंत्य उच्चारावेत. इंग्रजीच्या सवयीने ट, ड करू नयेत. 'नोचे'मधील च 'चित्र' या शब्दातील चसारखा आहे.

सुनीता : ओला. मे यामो सुनीता. इ तू, कोमो ते यामास?
(नमस्कार. माझे नाव सुनीता. आणि तुझे नाव काय?)

महेश : मे यामो महेश. दे दोन्दे एरेस?
(माझे नाव महेश. तू कुठची?)

सुनीता : सोय दे पोशीर. इ तू?
(मी पोशीरची. आणि तू?)

महेश : सोय दे कर्जत. आ के ओरा ते लेबान्तास?
(मी कर्जतचा. तू किती वाजता उठतेस?)

सुनीता : मे लेबान्तो आ लास सिन्को. मे बान्यो इ देसायुनो आ लास सेइस. देस्पुएस त्राबाखो एन नेरळ.
(मी पाच वाजता उठते. आंघोळ करते आणि सहा वाजता नाश्ता करते. नंतर नेरळला काम करते.)

महेश : इ क्वान्दो एस्तूदियास?
(आणि अभ्यास केव्हा करतेस?)

सुनीता : एस्तूदियो पोर ला नोचे. मे आक्वेस्तो आ लास ओन्से.
(रात्री अभ्यास करते. अकरा वाजता झोपायला जाते.)

विवेचन

सुनीताच्या वाक्यांत काही क्रियापदांआधी 'मे' आहे, तर 'देसायुनो', 'त्राबाखो', 'एस्तूदियो' यांच्याआधी तो नाही. हा भेद समजण्यास मराठीतील क्रियापदांच्या जोड्या उपयोगी पडतात.

मराठीत 'उठणे' हे मूळ क्रियापद असून त्यापासून 'उठवणे' हे प्रयोजक रूप तयार होते. स्पॅनिशचा मार्ग उलट आहे. तेथे 'लेबान्तार' म्हणजे उठवणे किंवा उचलणे. ही क्रिया कर्ता स्वतःवरच करतो, तेव्हा 'मे' (स्वतःला) जोडून 'मे लेबान्तो' म्हणजे 'मी उठतो' किंवा 'मी उठते' असा अर्थ साधला जातो. त्याचप्रमाणे 'बान्यार' म्हणजे आंघोळ घालणे, तर 'मे बान्यो' म्हणजे मी आंघोळ करते. 'आकोस्तार' म्हणजे झोपवणे, तर 'मे आक्वेस्तो' म्हणजे मी झोपायला जाते. 'यामार' म्हणजे हाक मारणे. म्हणून 'मे यामो सुनीता' याचा शब्दशः अर्थ 'मी स्वतःला सुनीता म्हणते' असा होतो.

'मे' गाळल्यास अर्थ बदलतो. 'लेबान्तो आ लास सिन्को' असे म्हटल्यास ऐकणाऱ्याला 'मी पाच वाजता उचलते' असे वाटते आणि तो 'के?' (काय?) असे विचारतो. हा प्रश्न आला की 'मे' राहिला असे समजावे. याउलट, प्रत्येक क्रियापदाला 'मे' जोडणे हाही दोषच. काम, अभ्यास किंवा नाश्ता या क्रिया कर्त्याच्या स्वतःवर घडत नाहीत. म्हणून 'मे त्राबाखो' हे चुकीचे आहे.

ही कसोटी सर्वच क्रियापदांना लागू पडत नाही. शंका आल्यास शब्दकोश पाहावा. क्रियापदाच्या शेवटी 'से' जोडलेला असेल ('लेबान्तारसे'), तर वाक्यात 'मे', 'ते' किंवा 'से' आवश्यक असतो.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. मराठीत पुरुष 'उठतो' व स्त्री 'उठते' म्हणते; स्पॅनिशमध्ये महेश आणि सुनीता दोघेही 'मे लेबान्तो' असेच म्हणतील.

आदरार्थी रूप

अनोळखी किंवा वडीलधाऱ्या व्यक्तीस 'तू'ऐवजी 'उस्तेद' म्हणतात. तेव्हा 'ते'च्या जागी 'से' येतो आणि क्रियापदाचा अंत्य 'स' जातो : 'कोमो से यामा उस्तेद?' मराठीत 'आपण'बरोबर क्रियापद अनेकवचनी येते; 'उस्तेद'बरोबर मात्र ते 'तो' किंवा 'ती' यांच्याप्रमाणे एकवचनीच राहते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. योग्य तेथे 'मे' भरा. गरज नसल्यास जागा रिकामी ठेवा :
(अ) ____ बान्यो आ लास सेइस. (आ) ____ त्राबाखो एन कर्जत. (इ) ____ आक्वेस्तो आ लास ओन्से.

2. महेशचा 'आ के ओरा ते लेबान्तास?' हा प्रश्न आपल्या शिक्षिकेस आदराने विचारा.

उत्तरे

1. (अ) मे (आ) रिकामी (इ) मे
2. आ के ओरा से लेबान्ता उस्तेद?