महिन्याचं एक डबा-गिऱ्हाईक कितीला पडतं?

महिन्याचा डबा देणाऱ्यांना ताटाचा हिशेब तोंडपाठ असतो. एका डब्याला कणीक किती, तेल किती, हे ते झोपेतही सांगतील. पण नवं गिऱ्हाईक जोडायला किती पैसे गेले आणि ते जाईपर्यंत त्याच्याकडून किती सुटले, हे दोन आकडे वहीत क्वचितच शेजारी-शेजारी मांडलेले दिसतात. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल, तर दर महिन्याला नवे डबे सुरू होतात आणि तरी गल्ला रिकामाच राहतो.

हा हिशेब कसा मांडायचा ते पुण्यातल्या कोथरूडसारख्या भागातला एक नमुना घेऊन पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. त्या जागी आपले घालावेत.

आधी एका महिन्याला हातात काय उरतं?

समजा, दुपारचा एक वेळचा डबा आहे: चार पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात. सोमवार ते शनिवार, महिन्याला २६ डबे, दर १०० रुपये. एका डब्यामागे होणारा खर्च असा:

- शिधा आणि भाजी: ४२ रुपये
- पोळ्या लाटणाऱ्या ताईंची मजुरी: ८ रुपये
- गॅस: ४ रुपये
- डबा पोहोचवून रिकामा परत आणणं: १५ रुपये
- धुणं: ३ रुपये

एकूण ७२. म्हणजे डब्यामागे २८ रुपये सुटतात. २६ डब्यांचे ७२८ रुपये होतात, पण ते कागदावर. प्रत्यक्षात गिऱ्हाईक खाडे करतं. महिन्याला चार खाडे धरले तर २२ डबेच जातात आणि ६१६ रुपये सुटतात. शिवाय त्यातला एक खाडा सकाळी दहाला, स्वयंपाक झाल्यावर कळतो. त्या डब्याचा शिधा, पोळ्या आणि गॅस मिळून ५४ रुपये अंगावर पडतात. उरतात सुमारे ५६० रुपये.

पुढचा सगळा हिशेब या ५६०वर करायचा, महिन्याच्या बिलावर नाही. ‘गिऱ्हाईक वर्षाला पंचवीस हजार देतं’ असं म्हणून जाहिरातीवर सढळ हाताने खर्च करणारे इथेच चुकतात. आणि हे ५६० म्हणजे निव्वळ नफाही नाही. जागेचं भाडं, वीज आणि मदतनीसाचा पगार यातूनच निघायचा असतो.

गिऱ्हाईक जोडण्याचा खर्च

जुलैमध्ये ४,००० पत्रकं छापून पेपरमधून टाकली. छपाई ४,००० रुपये, पेपर टाकणाऱ्यांना १,६००. फोन आले त्यांतल्या २५ जणांना चवीचा डबा फुकट दिला. त्याचे ७२च्या हिशेबाने १,८०० रुपये. दहा जणांनी महिना लावला. त्यांना पहिल्या महिन्यात तीनशेची सूट, म्हणजे आणखी ३,०००. एकूण १०,४०० रुपये, दरडोई १,०४०.

बहुतेक जण यातली पत्रकंच मोजतात. चवीचा डबा आणि सूट खिशातून रोख जात नाही, म्हणून ती वहीत येत नाहीत. इथे तर निम्म्याजवळ खर्च त्या दोहोंचाच आहे.

त्याच महिन्यात जुन्या गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून आठ जणांनी चवीचा डबा घेतला आणि सहा जणांनी महिना लावला. ओळख करून देणाऱ्याला तीन डबे मोफत होते. आठ चवीचे आणि अठरा मोफत असे २६ डबे, म्हणजे १,८७२ रुपये. दरडोई ३१२.

प्रत्येक गिऱ्हाइकाला डब्यांचे दोन संच लागतात, कारण एक जातो तेव्हा दुसरा परत येत असतो. तेच संच पुढच्याला वापरता येतात, म्हणून त्यांची पूर्ण किंमत या खर्चात धरू नये. हरवलेले मात्र धरावेत. त्यासाठीच अनामत घ्यायची.

किती महिने टिकलं?

सरासरी अंदाजाने काढू नये. एकाच महिन्यात लागलेल्यांचा गट घ्यावा आणि निदान सहा महिन्यांनी वही उघडावी. नुकत्याच आलेल्यांचा मुक्काम अजून कळलेला नसतो.

फेब्रुवारीअखेर मोजलं, तर पत्रकावरून आलेल्या दहांपैकी चौघांनी एकच महिना घेतला, तिघांनी दोन, दोघांनी चार आणि एकाचा आठवा महिना झाला. एकूण २६ महिने, सरासरी २.६. त्याला ५६०ने गुणलं की १,४५६ रुपये. सांगण्यावरून आलेल्या सहांपैकी तिघांचे आठ-आठ महिने झाले आणि ते अजून चालू आहेत. बाकीचे सहा, चार आणि दोन महिन्यांनी गेले. सरासरी सहा, म्हणजे निदान ३,३६० रुपये.

आता आकडे शेजारी ठेवा. सांगण्यावरून आलेल्यांनी खर्चाच्या दहापट दिलं, पत्रकवाल्यांनी जेमतेम १.४ पट. सरासरीखाली आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १,०४० रुपये फिटायला जवळजवळ दोन महिने लागतात. एका महिन्यात गेलेल्या चौघांनी प्रत्येकी ४८० रुपयांचं नुकसान केलं. दोन महिने राहिलेल्यांनी प्रत्येकी ऐंशीच रुपये दिले. उरलेली कमाई तिघांची.

मिळकत खर्चाच्या तिप्पट हवी, असा एक ठोकताळा सांगतात. स्वयंपाकघराला त्याहून उपयोगी प्रश्न हा, की खर्च कितव्या महिन्यात फिटतो आणि तोवर किती जण टिकतात.

मग काय बदलायचं?

पहिल्या महिन्याची सूट तिसऱ्या महिन्यावर न्यावी. त्यामुळे दहाऐवजी आठच जण लागले आणि टिकणारे तेच तिघे राहिले, तर सुटीचे ९०० धरून खर्च ८,३०० होतो, दरडोई साधारण तेवढाच. पण सुटीपुरते येणारे आधीच गळतात.

पत्रकं सगळीकडे वाटण्यापेक्षा डबे पोहोचवणारा आपला मुलगा जातो त्याच रस्त्यावरच्या सोसायट्यांत वाटावीत. एकाच इमारतीतला दुसरा डबा पोहोचवायला पंधराऐवजी आठ रुपये लागले, तर त्या गिऱ्हाइकामागे महिन्याला दीडशे रुपये जास्त सुटतात.

खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत कळवायचा, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. आणि खाड्यांवर लक्ष ठेवावं. महिन्याला दोन खाडे करणाऱ्याचे अचानक सहा झाले, तर तो दुसरीकडचा डबा चाखून पाहत असण्याची शक्यता मोठी. त्याच आठवड्यात फोन करून विचारावं: पोळी कडक होते का, भाजी तीच-ती येते का, डबा उशिरा पोहोचतो का? परीक्षा संपवून गावी गेलेले विद्यार्थी ‘गेले’त धरू नयेत. जूनमध्ये एक फोन केला, की ते खर्चाविना परत येऊ शकतात.

यासाठी वहीत पाच रकाने पुरतात: नाव, कुठून कळलं, सुरू केल्याची तारीख, दर महिन्याचे डबे आणि खाडे, सोडल्याची तारीख व कारण. ‘कुठून कळलं’ हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावं. नंतर कुणाला आठवत नाही.

पत्रकं पूर्ण बंद करा, असा याचा अर्थ नाही. सांगणारी गिऱ्हाइकं आधी कुठून तरी यावीच लागतात. पत्रकावरून आलेला टिकला आणि त्याने दोघांना आणलं, तर त्याच्या नावापुढे तेही लिहावं. पण पुढची पत्रकं छापण्याआधी मर्यादा ठरवावी: निम्मे लोक दोन महिन्यांत जात असतील, तर एका गिऱ्हाइकावर एका महिन्याच्या सुटणाऱ्या पैशांहून, म्हणजे इथे ५६० रुपयांहून, जास्त खर्च करू नये. दुसरा महिना जागेच्या भाड्यासाठी उरला पाहिजे.