एक तास, एक ओळ : कोर्ट बुकिंगचा प्रकल्प

शिक्षक मित्रांनो, डेटाबेस शिकवायला बॅडमिंटन कोर्टाचं बुकिंग हा छान प्रकल्प आहे. समजा, एरवी तासाला ३०० रुपये, संध्याकाळी ६ ते ९ गर्दीच्या वेळी ५०० आणि सभासदाला २० टक्के सूट. एका सभासदाने ५ ते ७ कोर्ट घेतलं. पैसे किती?

मुलं बहुधा सुरुवातीची वेळ बघून दर लावतात. ६०० वजा १२०, म्हणजे ४८०. पण दुसरा तास गर्दीचा आहे ना! ३०० अधिक ५०० म्हणजे ८००, सूट १६०, भरायचे ६४०. प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही, म्हणून ही चूक लपून राहते. सहाची सीमा ओलांडणारं बुकिंग मुद्दाम करून बघा, लगेच सापडेल.

उपाय सोपा आहे. टेबलमध्ये प्रत्येक तासाची वेगळी ओळ ठेवा आणि त्या तासाचा दर तिथेच लिहा. उद्या दर वाढले तरी जुनी पावती बदलत नाही.

दुसरा घोळ म्हणजे एकच तास दोघांना मिळणं. ‘रिकामा आहे का?’ हे दोघांनी एकाच क्षणी विचारलं, तर दोघांनाही ‘हो’ मिळतं. मग कोर्टावर भांडण! ही राखण डेटाबेसकडेच द्या:

```sql
UNIQUE (court_id, slot_date, start_hour)
```

आता दुसरी ओळ नाकारली जाते. मात्र दोन तासांच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, नाहीतर पाचचा तास मिळेल नि सहाचा हुकेल. बुकिंग रद्द झालं की ओळ काढायलाही विसरू नका, नाहीतर कोर्ट रिकामं असून अडलेलं दिसेल.