आजी, दम धरा

बारावीनंतर मुलीला रेडिओग्राफीला घालावं का, असं विचारायला येणाऱ्या पालकांच्या मनात बहुधा दोनच प्रश्न असतात. मशीनच सगळं करतं, मग तीन-चार वर्षं शिकायचं काय? आणि किरणांचा मुलीला त्रास होणार नाही ना? अशा वेळी मी त्यांना आमच्या सीटी विभागातली एका सकाळची गोष्ट सांगते.

सत्तरीच्या पुढच्या, नऊवारीतल्या आजी आल्या होत्या. पोटाचा सीटी करायचा होता, तोही शिरेतून औषध देऊन. दारातूनच त्यांनी मशीन पाहिलं आणि मुलाचा हात घट्ट धरला. "मला त्या नळीत घालू नगा. शेजारीण गुदमरली हुती."

माझी तरुण सहकारी घाई न करता त्यांच्याजवळ स्टुलावर बसली. शेजारणीचं काय झालं होतं ते तिनं आधी ऐकून घेतलं. ती एमआरआयची लांब बोगद्यासारखी नळी होती, हे लगेच कळलं. मग तिनं आजींना मशीनच्या मागच्या बाजूला नेलं. "बघा, ही नुसती कडी आहे. इकडून तिकडचं दिसतंय. तुमचं तोंड बाहेरच राहणार." आजींनी त्या गोलातून पलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं, तेव्हा त्यांचा हात जरा सैल पडला.

मग मंगळसूत्राचा प्रश्न आला. धातू तपासणीच्या भागात आला, तर चित्रात पांढऱ्या रेघांचे फटकारे उमटतात. पण तपासायचं होतं पोट. "काढायचं नाही आजी, फक्त वर गळ्याशी घेऊ." कमरेला खोचलेला नाण्यांचा बटवा मात्र मुलाकडे द्यायला लावला. नेमकं काय अडतं आणि काय अडत नाही, हे ठाऊक असलं की माणसाला विनाकारण दुखवावं लागत नाही.

सर्वांत नाजूक गोष्ट तिनं आजींच्या कानाशी जाऊन सांगितली. आयोडीनयुक्त औषध वेगानं शिरेत गेलं की अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. "झालेली नसते आजी, नुसतं वाटतं. मिनिटभरात जातं." हे आधी कोणी सांगितलं नाही, तर लाजेनं आणि भीतीनं म्हातारं माणूस ऐन वेळी उठायला बघतं.

मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीत सूचना देतो. तो बंद करून तिनं स्वतः सांगायचं ठरवलं. "श्वास रोखा" आजींना कळेना. "दम धरा" म्हटल्यावर लगेच कळलं. आजींच्या पोटावर हात ठेवून तिनं दोनदा सराव करून घेतला. आजी बारा सेकंद दम धरू शकत होत्या आणि स्कॅनला लागणार होते आठ.

सुईतून आधी हातानं सलाईन सोडून शीर नीट आहे ना, हे पाहिलं. मग यंत्रानं सेकंदाला तीन मिलिलीटर वेगानं औषध जाऊ लागलं. पहिले काही क्षण ती आजींच्या दंडाशीच उभी होती. जागेवर फुगवटा आला किंवा दुखलं, तर औषध शिरेबाहेर जातंय असं समजून तिथल्या तिथे थांबवावं लागतं. तसं काही झालं नाही. मग ती शिशाच्या काचेमागे आली आणि औषध सुरू झाल्यापासून सत्तराव्या सेकंदाला माइकवर म्हणाली, "आजी, दम धरा."

पडद्यावर यकृताची कड एकाच स्वच्छ रेषेत उमटली. आजी हलल्या असत्या, तर ती दुहेरी, पुसट दिसली असती आणि बारीकशी गाठ त्यात लपू शकली असती. पुन्हा स्कॅन करता येतो, पण किरणांचा डोस वाढतो आणि औषध यकृतात नेमकं भरल्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. म्हणून तिनं आधी घालवलेली दहा मिनिटं मी तांत्रिक कामातच धरते.

नंतर ॲलर्जी उठते का, हे पाहायला आजींना अर्धा तास सुईसकट बसवलं. तेव्हा त्यांनी तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. "ह्ये काय गं पोरी?"

"टीएलडी बॅज. माझ्यावर किती किरणं पडली, ते हा मोजतो. दर तीन महिन्यांनी तपासायला जातो."

पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच बॅजमध्ये आहे. सीटीची किरणं स्कॅन चालू असतानाच निघतात आणि त्या वेळी रेडिओग्राफर काचेमागे असते. आजींच्या दंडाशी ती उभी होती, तेव्हा मशीन किरणं सोडत नव्हतं. अणुऊर्जा नियामक मंडळानं घालून दिलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट आहे. नियम पाळणाऱ्या सीटी विभागात बॅजचे आकडे तिच्या खूप खाली राहतात. धोका वाढतो तो हलणाऱ्या रुग्णाला धरायला कुणी तरी आत थांबलं की. तशी वेळ आलीच, तर शिशाचा एप्रन घालून शक्यतो नातेवाइकानं थांबायचं असतं, रोज तिथं काम करणाऱ्यानं नाही.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत नंतर पाहा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा: तुला स्वतःचा बॅज मिळाला आहे का, त्याचा अहवाल कुणी दाखवतं का आणि रुग्णाशी बोलून त्याला टेबलावर झोपवायचं काम तू आजवर किती वेळा केलंस?