डोक्याला मार लागल्यावर: सीटीच्या रिपोर्टात काय वाचायचे?

मोरीत घसरून पडलेल्या आजीला रात्री दवाखान्यात नेले, सीटी स्कॅन झाला आणि हातात इंग्रजीतला रिपोर्ट आला. आपल्या वस्तीत हे नेहमीचे आहे. "काही विशेष नाही" असे कोणीतरी म्हणते आणि कागद पिशवीत जातो. म्हणून आम्ही समजावण्यापुरता एक नमुना घेतो. आजी ६८ वर्षांची, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी रोज घेणारी. डोक्याचा मागचा भाग आपटला. आजी बोलते आहे, पण दिवस कोणता ते तिला सांगता येत नाही.

रिपोर्टात शेवटी 'इम्प्रेशन' हा भाग असतो. आधी तो वाचावा. आजीच्या कागदावर तिथे तीन गोष्टी आहेत: डाव्या बाजूला ऍक्यूट सबड्यूरल हिमॅटोमा, जाडी ८ मिमी, डाव्या फ्रंटल भागात कॉन्ट्यूजन, मिडलाइन शिफ्ट उजवीकडे ४ मिमी.

कवटीच्या आत मेंदूवर एक जाड पडदा असतो. मेंदूकडून त्या पडद्याकडे बारीक शिरा जातात. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्या शिरा ताणलेल्या राहतात आणि साध्या पडण्यानेही तुटतात. मग पडद्याखाली, मेंदूच्या अंगावर, चंद्रकोरीसारखे रक्त साचते. हाच सबड्यूरल रक्तस्राव. ऍक्यूट म्हणजे ताजा. फोटोत तो पांढरा दिसतो.

कॉन्ट्यूजन म्हणजे मेंदूलाच लागलेला मुका मार. इथे घरच्यांचा गोंधळ होतो: "आपटला मागचा भाग, अन् रिपोर्ट म्हणते समोर. दुसऱ्याचा कागद तर नाही ना आला?" नाही. मागे आपटल्यावर मेंदू आतल्या आत हलतो आणि कपाळामागच्या व कानशिलाजवळच्या खडबडीत हाडावर घासतो. म्हणून मार बहुधा तिथेच सापडतो.

आता मिडलाइन शिफ्ट. दोन खोल्यांमध्ये कुडाची भिंत आहे असे समजा. एका खोलीत कापसाची पोती कोंबत गेलो, तर भिंत दुसरीकडे फुगते. कवटी पसरत नाही. आत रक्त साचले किंवा सूज आली की मेंदूची मधली रेषा सरकते. किती सरकली ते मिलीमीटरमध्ये लिहितात. ताज्या सबड्यूरलची जाडी १० मिमीपेक्षा जास्त किंवा शिफ्ट ५ मिमीपेक्षा जास्त असेल, तर रुग्ण बोलत असला तरी मेंदूचे सर्जन सहसा ऑपरेशन सांगतात. शुद्ध हरपत असेल तर ते याहून कमी आकड्यालाही करावे लागू शकते.

आजीचे दोन्ही आकडे या रेषेच्या आत आहेत. म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन न करता भरती ठेवले, रक्त पातळ करणारी गोळी थांबवली आणि सहा तासांनी पुन्हा सीटी सांगितला. "आत्ताच तर काढला, पुन्हा पैसे कशाला?" हा प्रश्न आम्हालाही नवा नाही. पण रिपोर्ट म्हणजे त्या घडीचा फोटो. कॉन्ट्यूजन पहिल्या दिवसात वाढू शकते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांत तर अधिक. आजीच्या दुसऱ्या फोटोत जाडी १२ मिमी आणि शिफ्ट ९ मिमी निघाली. मधल्या काळात ती घोरत झोपली होती. नातू म्हणाला, "आराम करू द्या." सिस्टरने मात्र हलवून उठवले, आजी धड उठेना, आणि स्कॅन ठरल्या वेळेआधीच झाला. त्याच रात्री ऑपरेशनचा निर्णय झाला.

पहिला रिपोर्ट हाती येताच एक प्रश्न विचारा: इथे मेंदूचे सर्जन आता उपलब्ध आहेत का? अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार, इथे आपली माणसे आधी पोहोचतात. पुढे नागपूरला न्यायचे ठरले तर अमरावतीहून सुमारे दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटर जायचे आहे. ते तास आकडे वाढण्याआधीच हाती हवेत. नेताना कागदासोबत फिल्म किंवा सीडीही घ्या. पुढच्या डॉक्टरांना जुना फोटो नव्याशी ताडून पाहायचा असतो. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला लगेच भेटा.

पहिला रिपोर्ट स्वच्छ आला तरी म्हाताऱ्या माणसावर दोन-तीन महिने लक्ष असू द्या. कधीकधी रक्त हळूहळू साचते. तीन आठवड्यांनी आजोबा पाय ओढू लागले, नावे विसरू लागले, डोके सतत दुखू लागले, की घरचे म्हणतात, "वय झालं." तेव्हा पुन्हा सीटी काढला तर 'क्रॉनिक सबड्यूरल' असा शब्द येऊ शकतो. हे जुने रक्त फोटोत काळसर दिसते. बरेचदा कवटीला छोटे छिद्र पाडून ते काढता येते, आणि आजोबा पुन्हा नावे ओळखू लागतात. पण डॉक्टरांना तीन आठवड्यांपूर्वीचे ते पडणे आपणच सांगावे लागते. आजोबांना ते आठवेलच असे नाही.