दोन पाशांमधील सामाईक प्रवाह-उद्गम

विद्युत् मंडलाच्या कोणत्या शाखेतून किती प्रवाह वाहतो, हे शोधून काढण्याचे दोन नियम गुस्टाव्ह किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली मांडले. तारांच्या कोणत्याही सांध्याशी जेवढा प्रवाह येतो तेवढाच तेथून निघून जातो, हा पहिला नियम. कोणत्याही बंद मार्गाने एक फेरी पूर्ण केली असता विद्युत् दाबातील सर्व चढउतारांची बेरीज शून्य येते, हा दुसरा. पाशपद्धती ही या दुसऱ्या नियमाचीच एक सोयीस्कर मांडणी होय.

तारा एकमेकींना न छेदता मंडल कागदावर काढता आले, म्हणजे त्यात खिडकीच्या तावदानांसारखी रिकामी घरे दिसतात. अशा प्रत्येक घराच्या कडेला पाश म्हणावयाचे. प्रत्येक पाशातून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक प्रवाह फिरत आहे असे कल्पून त्याला अक्षराचे नाव द्यावयाचे आणि प्रत्येक पाशासाठी दाबाचे एक समीकरण लिहावयाचे. जितके अज्ञात प्रवाह तितकीच समीकरणे मिळतात, म्हणून गणित सुटते. शेजारच्या दोन पाशांना सामाईक असलेल्या शाखेत मात्र दोन्ही प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. त्या शाखेतील खरा प्रवाह म्हणजे त्या दोहोंची वजाबाकी.

मंडलात केवळ रोध आणि घटमाला असतील तोवर काहीच अडत नाही. रोधावरील दाब ओहमच्या नियमाने प्रवाहावरून कळतो आणि घटमालेचा दाब दिलेलाच असतो. परंतु सामाईक शाखेत प्रवाह-उद्गम असला, तर प्रश्न निराळा होतो. प्रवाह-उद्गम आपल्यातून जाणारा प्रवाह ठरवून देतो. आपल्या दोन टोकांमधील दाब तो ठरवीत नाही. तो दाब उरलेल्या मंडलाच्या मागणीप्रमाणे कितीही असू शकतो. मग त्या पाशाचे दाब-समीकरण लिहावे कसे?

एक उदाहरण घेऊ. भर उन्हातील सौर पॅनेल दाबाच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात जवळजवळ एकसारखा प्रवाह देते, म्हणून त्या पल्ल्यापुरते त्याला प्रवाह-उद्गम मानता येते. समजा, डाव्या बाजूस २४ व्होल्टची घटमाला उभी असून तिचे धन टोक वर आहे. तेथून वरच्या तारेत २ ओहमचा रोध आहे. मधल्या उभ्या शाखेत ३ अँपिअर प्रवाह वरच्या दिशेने लोटणारे पॅनेल आहे. त्याच्या उजवीकडे वरच्या तारेत ४ ओहम आणि अखेरच्या उभ्या शाखेत ६ ओहम असे रोध असून ते मिळून भार होतो. खालची तार सर्वांना सामाईक आहे. वाचकाने ही आकृती काढून समोर ठेवावी. डाव्या पाशाच्या प्रवाहास ‘अ’ आणि उजव्या पाशाच्या प्रवाहास ‘ब’ म्हणू. पॅनेलच्या टोकांमधील अज्ञात दाबास ‘द’ म्हणू.

दोन्ही पाशांची समीकरणे अशी येतात :

२४ − २अ − द = ०
द − १०ब = ०

येथे समीकरणे दोन आणि अज्ञाते तीन आहेत. पण दोन्ही समीकरणांची बेरीज करताच ‘द’ नाहीसा होतो, कारण एका पाशात तो उतार आहे तर दुसऱ्यात तितकाच चढ आहे :

२४ − २अ − १०ब = ०

या समीकरणाकडे नीट पाहिले, तर ते मधली शाखा पूर्णपणे टाळून बाहेरच्या कडेने काढलेल्या फेरीचेच समीकरण आहे, असे दिसते. दोन घरांमधील भिंत जणू पाडली आणि एकच मोठे घर उरले. अशा जोडपाशास महापाश किंवा सुपरमेश म्हणतात. महापाशाची फेरी एकच असली, तरी तिच्या डाव्या भागात प्रवाह ‘अ’ आणि उजव्या भागात ‘ब’ हाच राहतो, हे विसरून चालत नाही.

दुसरे समीकरण स्वतः उद्गमच पुरवितो. मधल्या शाखेत ‘ब’ वर जातो आणि ‘अ’ खाली येतो, म्हणून :

ब − अ = ३

ब = अ + ३ हे पहिल्यात घातले असता १२अ = −६, म्हणजे अ = −०.५ अँपिअर आणि ब = २.५ अँपिअर.

उत्तरातील उणे चिन्ह पाहून पुष्कळ विद्यार्थी दचकतात. वास्तविक येथे सर्वांत मोलाची गोष्ट तेच चिन्ह सांगते : प्रवाह घटमालेतून निघत नसून तिच्यात शिरत आहे, अर्थात घटमाला भारित होत आहे. पॅनेलचा दाब द = १० × २.५ = २५ व्होल्ट येतो; घटमालेहून तो अधिक आहे, हेही त्याच्याशी जुळते. ऊन उतरून पॅनेलचा प्रवाह २.४ अँपिअरवर आला, की ‘अ’ शून्य होतो. त्याखाली घटमाला भाराला प्रवाह पुरवू लागते, आणि पॅनेलचा प्रवाह शून्य झाल्यावर भाराचे सर्व २ अँपिअर तिलाच द्यावे लागतात.

आता चुका कोठे होतात ते पाहू. पहिली चूक म्हणजे उद्गमावरील दाब शून्य मानणे. तसे केल्यास डाव्या पाशातून अ = १२ आणि उजव्यातून ब = ० येतात; त्यांची वजाबाकी ३ येत नाही, तेव्हा ही चूक लगेच उघडी पडते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. उद्गमाचे समीकरण उलट, म्हणजे अ − ब = ३ असे लिहिले, तर अ = ४.५ आणि ब = १.५ येतात. शक्तीचा ताळा घेतला, तर तो बिनचूक जुळतो : घटमाला १०८ वॅट देते, रोधांत ६३ वॅट खर्च होतात आणि १५ व्होल्टवर ३ अँपिअर घेणारा उद्गम ४५ वॅट शोषून घेतो. हे गणित खोटे नाही; ते उद्गम खाली तोंड करून बसविलेल्या निराळ्याच मंडलाचे आहे. म्हणून केवळ शक्तीच्या ताळ्यावर विसंबू नये. वरच्या सांध्याशी प्रवाह मोजावेत. डावीकडून ४.५ आणि उद्गमातून ३ असे ७.५ अँपिअर तेथे येतात, पण उजवीकडे १.५ च जातात. येथे चूक सापडते. खऱ्या उत्तरात −०.५ आणि ३ मिळून २.५ होतात व तेवढेच पुढे जातात.

पॅनेलच्याच शाखेत त्याच्याशी एकसर जोडलेला १ ओहमचा रोध असला तर? महापाशाची फेरी त्या शाखेतून जातच नाही, म्हणून तो रोध समीकरणात येत नाही आणि अ व ब जसेच्या तसे राहतात. फरक पडतो तो केवळ उद्गमाच्या दाबात : ३ अँपिअर त्या रोधातून लोटण्यासाठी त्याला २५ ऐवजी २८ व्होल्ट उभारावे लागतात. खऱ्या पॅनेलची मर्यादा येथेच येते. दाब फार वाढला, की त्याचा प्रवाह झपाट्याने घसरतो; मग त्याला ३ अँपिअरचा उद्गम मानता येत नाही आणि ब − अ = ३ हे समीकरणही लागू पडत नाही.

उद्गम मंडलाच्या बाहेरील कडेवर, म्हणजे एकाच पाशाच्या वाट्याला आला असेल, तर महापाशाची गरजच नाही. त्या पाशाचा प्रवाह उद्गमानेच ठरविलेला असतो आणि एक अज्ञात आपोआप कमी होते.