‘गोष्टी’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : मुले निबंधात सतत ‘गोष्टी’ लिहितात. काय करावे?
– एक शिक्षिका, लोहारा

उत्तर : तुमच्याच तालुक्यातल्या सास्तूरला हादरवणारा १९९३चा भूकंप घ्या. मुलाने लिहिले, ‘भूकंपात अनेक गोष्टी पडल्या.’ विचारा, काय पडले? घरे. घराचे काय? भिंती, माळवद. कशाच्या भिंती? दगडमातीच्या. आता वाक्य होते : ‘दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली.’ इतकी माणसे का गेली, तेही यातून कळते.

‘ही गोष्ट टाळावी’ लिहिले, तर विचारा : ती चूक, सवय की धोका? उत्तर येत नसेल, तर मुलाला माहितीच कमी आहे. त्याला आधी घरातल्या आजीला विचारून यायला सांगा.