धावताना गुडघा दुखतो? आधी पावले मोजा!

पोलीस भरतीच्या १६०० मीटरच्या तयारीसाठी पहाटे धावणारी मुले गुडघ्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. दुखणे बहुधा वाटीच्या मागे वा भोवती असते. जिना उतरताना आणि उकिडवे बसताना ते वाढते. यांतील बरीच मुले जोरात पळायचे म्हणून लांब ढांगा टाकतात.

लांब ढांगेत पाऊल शरीराच्या बरेच पुढे, गुडघा जवळपास सरळ असताना पडते. ते पाऊल ब्रेकसारखे काम करते. शिवाय अंग जास्त उसळते आणि तितकेच जोरात खाली येते. हा धक्का झेलताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि वाटी हाडावर दाबली जाते. वेग तोच ठेवून पावले थोडी भरभर टाकली, तर ढांग आपोआप आखूड होते, पाऊल अंगाखाली पडते आणि उसळी कमी होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पावलांची संख्या केवळ ५ टक्के वाढवली तरी गुडघ्याला झेलावा लागणारा भार लक्षणीय कमी झाल्याचे आढळले.

आता हिशेब पाहू. समजा, एक तरुण ताशी १० किलोमीटर वेगाने धावतो. नेहमीच्या वेगात ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो, हे त्याने मोजले. ते ३९ भरले. त्याला ४ ने गुणले, की मिनिटाला १५६ पावले. त्यात ५ टक्के मिळवले, की सुमारे १६४. म्हणजे ३० सेकंदांत उजवा पाय ३९ ऐवजी ४१ वेळा टेकवायचा, एवढेच! पाऊल १०७ सेंटिमीटरवरून १०२ वर येते. मोबाईलवर मिनिटाला १६४ ठोके लावून त्या तालावर पहिल्या आठवड्यात १-१ मिनिटच धावावे, मग हळूहळू वाढवावे.

इथे हमखास चूक होते, ती म्हणजे पावलांबरोबर वेगही वाढतो. मग ढांग तेवढीच राहते आणि फायदा होत नाही. म्हणून ठरलेल्या अंतराला लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. तो पूर्वीइतकाच हवा. ‘मिनिटाला १८० पावले’ हा आकडा सर्वांना लागू नाही. उंची आणि वेगानुसार तो बदलतो. आपल्या आकड्यावर १० टक्क्यांहून अधिक वाढ करू नये. सुरुवातीला पोटऱ्या भरून येतात. त्या फारच दुखल्या, तर दोन दिवस थांबावे.

मात्र गुडघ्याला सूज असेल, तो अडकत किंवा निसटत असेल, मुरगळल्यानंतर दुखू लागला असेल अथवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पावले मोजत बसू नये. धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.